शेजाऱ्याला पाठवायचा मेसेज: आई फोन उचलत नसेल तेव्हा

मुलगा बेंगळुरूला, आई पुण्यात एकटी, अशी घरे माझ्या रुग्णांमध्ये बरीच आहेत. समजा, आईचे वय ७४, मधुमेहासाठी ग्लिमेपिराईडची गोळी चालू. सकाळी ८ वाजता ती फोनवर अडखळत, असंबद्ध बोलली आणि त्यानंतर फोन उचलत नाही. अशा वेळी मुलगा लिहितो, "काकू, वेळ मिळाला की जरा आईकडे बघाल का?" काकू कुकर लावून, आंघोळ उरकून तासाभराने जातात. चूक त्यांची नाही. मेसेजमध्ये घाई दिसलीच नाही.

म्हणून आधी फोन करा. उचलला नाही तर मेसेज पाठवा आणि लगेच दुसऱ्या शेजाऱ्याला फोन लावा. समोरच्या घरात हिंदी बोलत असतील, किंवा तोच मेसेज वॉचमनपर्यंत जाणार असेल, तर तो दोन्ही भाषांत तयार ठेवा.

मराठी:
"तातडीचे. मी ३०२ मधल्या आजींचा मुलगा. आई काल रात्री साडेनऊला ठीक होती. आज ८ वाजता अडखळत बोलली, आता फोन उचलत नाही. तिला मधुमेह आहे. तुमच्याकडच्या चावीने आत्ता आत जाऊन बघा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, आधी १०८ लावा, मग मला. निघताना 'निघालो' एवढेच लिहा."

हिंदी:
"अर्जेंट। मैं ३०२ वाली आंटीजी का बेटा हूँ। माँ कल रात साढ़े नौ बजे ठीक थीं। आज ८ बजे ज़बान लड़खड़ा रही थी, अब फ़ोन नहीं उठा रही हैं। उन्हें शुगर की बीमारी है। आपके पास जो चाबी है, उससे अभी अंदर जाकर देखिए। बेहोश हों तो मुँह में कुछ मत डालिए, पहले १०८ लगाइए, फिर मुझे। निकलते समय 'जा रहे हैं' लिख दीजिए।"

हिंदी मेसेज लिहिताना मराठी शब्द तसेच उचलू नका. आपण "ग्लानीत आहे" म्हणतो तेव्हा अर्धवट शुद्ध अभिप्रेत असते, पण हिंदीत 'ग्लानि' म्हणजे पश्चात्ताप. 'बेहोश' किंवा 'ठीक से जवाब नहीं दे रहीं' असे साधे लिहा.

मेसेजमध्ये दोन वेळा का लिहिल्या? अडखळत बोलण्यामागे रक्तातील साखर उतरणे असू शकते, तसाच पक्षाघातही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास रुग्ण शेवटचा ठीक दिसला तिथून मोजतात. इथे ती वेळ सकाळी ८ नव्हे, रात्री साडेनऊ. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील. वेळ उलटून गेली असे वाटले तरी घरी थांबू नये, काही रुग्णांना त्यानंतरही उपचार देता येतात.

१०८ शेजाऱ्यालाच लावायला सांगण्याचे कारणही साधे आहे. तुम्ही बेंगळुरूहून १०८ फिरवलात तर फोन कर्नाटकच्या केंद्रात लागेल. शिवाय रुग्ण श्वास घेतोय का, हे समोर उभ्या असलेल्या माणसालाच सांगता येते.

आत गेल्यावर आई जागी असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर शेजाऱ्याने घरातल्या ग्लुकोमीटरवर साखर बघावी. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यापेक्षा कमी पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुगर-फ्रीच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. ग्लुकोमीटर नसेल, पण हसताना चेहरा वाकडा होत नसेल आणि दोन्ही हात सारखे उचलता येत असतील, तर साखरपाणी द्यायला हरकत नाही. चेहरा वाकडा असेल किंवा एक हात खाली पडत असेल, तर तोंडाने काहीच न देता थेट १०८. बेशुद्ध असून श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवून ठेवावे.

साखरपाण्याने आई तरतरीत झाली, तरी विषय तिथे संपत नाही. ग्लिमेपिराईडचा परिणाम बरेच तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. काहीतरी खायला देऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि तोवर तिला एकटे ठेवू नये.

एक गोष्ट मेसेजने सुटत नाही. दाराला आतून कडी असेल तर शेजाऱ्याकडची चावी निरुपयोगी. आईला कडीऐवजी फक्त लॅच लावायला सांगा, आणि शेजाऱ्यांना एकदा त्या चावीने दार उघडून बघायला सांगा. मेसेजचे दोन्ही मसुदे फोनमध्ये जपून ठेवा. ऐन वेळी फक्त वेळ आणि लक्षण बदलायचे.