भागण्याआधी वर्तुळ

अकरावी-बारावीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न कसलीही प्रस्तावना न करता फळ्यावर लिहितो: 0 ते 2π मध्ये sin x > cos x कधी? ज्यांचा हात झरझर चालतो त्यांचं उत्तर आधी येतं आणि बहुधा तेच चुकतं. दोन्ही बाजूंना cos x ने भागलं, tan x > 1 मिळालं, पहिलं आणि तिसरं चरण घेतलं, झालं: (π/4, π/2) ∪ (5π/4, 3π/2).

मी बरोबर-चूक काही बोलत नाही. ‘x = π घालून बघा,’ एवढंच म्हणतो. sin शून्य, cos उणे एक. शून्य मोठं, म्हणजे π उत्तरात हवा होता. त्यांच्या उत्तरात तो नाही. मग 4π/3 घालायला सांगतो. हा कोन त्यांनी उत्तरात धरलाय, पण तिथे sin साधारण −0.87 आणि cos −0.5, म्हणजे अट मोडते. एक कोन सुटला, एक भलताच आत आला.

ऋण संख्येने भागलं की असमानतेचं चिन्ह उलटतं, हे मुलांना पाठ असतं. पण −3 चं ऋणपण समोर दिसतं, cos x चं दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात तो ऋण आहे हे भागायच्या घाईत कोणाच्याच लक्षात राहत नाही. दोन्ही शक्यता वेगळ्या धरून हे गणित अर्थातच सुटतं. फक्त π/2 आणि 3π/2 ला cos शून्य होतो, तिथे भागताच येत नाही, आणि ते दोन कोन हाताने तपासायचे राहून जातात.

म्हणून मी वर्तुळ काढायला लावतो. त्रिज्या एक, केंद्र आरंभबिंदूवर. कंपास नसला तर बांगडी ठेवून काढलेलंही चालतं. वर्तुळावरच्या बिंदूचा आडवा निर्देशक cos, उभा निर्देशक sin. मग sin x > cos x याचा अर्थ इतकाच, की उभा निर्देशक आडव्यापेक्षा मोठा; म्हणजे तो बिंदू y = x या तिरक्या रेषेच्या वर आहे. ही रेषा वर्तुळाला π/4 आणि 5π/4 ला छेदते आणि बरोबर अर्धं वर्तुळ तिच्या वरच्या अंगाला राहतं. उत्तर (π/4, 5π/4). टोकांना दोन्ही किमती सारख्या होतात, म्हणून कंस गोल. प्रश्नात ≥ असतं तर चौकोनी. π आपोआप आत आला, 4π/3 बाहेर राहिला, भागाकाराची गरजच पडली नाही.

मग लगेच प्रश्न उलटा करतो: cos x > sin x कधी? रेषेखालचं अर्धवर्तुळ सगळ्यांना दिसतं, लिहिताना मात्र गडबड होते. एका मुलीने वहीत (5π/4, π/4) लिहिलं होतं. बोट वर्तुळावरून फिरवलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं: 5π/4 पासून निघून π/4 ला पोचायचं. पण अंतरालात डावीकडची संख्या लहान असावी लागते, नाहीतर त्यात एकही संख्या बसत नाही. हा तुकडा वाटेत शून्य अंश ओलांडतो, म्हणून 0 ते 2π च्या मर्यादेत तो तुटतो: [0, π/4) ∪ (5π/4, 2π]. मर्यादा −π ते π असती तर हेच उत्तर (−3π/4, π/4) असं अखंड आलं असतं. वर्तुळावरचा तुकडा तोच, फक्त कात्री लावायची जागा बदलली. कोनावर मर्यादाच नसेल तर या अखंड अंतरालाच्या दोन्ही टोकांत 2nπ मिळवायचं, n कोणताही पूर्णांक.

हा प्रश्न परीक्षेत सहसा वेषांतर करून येतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात sin x + cos x हे फल कुठे वाढतं आणि कुठे घटतं असं विचारलंय. विकलज cos x − sin x काढला की समोर आपलंच वर्तुळ. √(sin x − cos x) चं डोमेन विचारलं तरी तेच, फक्त तिथे टोकं चौकोनी कंसात.

वर्तुळ पुरत नाही अशीही गणितं आहेत. sin x > x/2 घ्या. इथे x कोनही आहे आणि साधी संख्याही, त्यामुळे आलेखच काढावा लागतो. सायनची लाट आणि x/2 ची रेषा शून्यावर भेटतात, पुढे साधारण 1.9 वर पुन्हा. मुलं (0, 1.9) लिहून पेन ठेवतात. आलेख डावीकडेही वाढवा म्हटल्यावर कळतं की −1.9 च्या पलीकडे रेषा लाटेच्या खाली जाते आणि पुन्हा वर येत नाही, तो सगळा अमर्याद भाग, (−∞, −1.9), उत्तरात धरायचा. ही टोकं π च्या कुठल्याही ओळखीच्या अपूर्णांकात बसत नाहीत. अंदाजे लिहावी लागतात, आणि ‘सर, एक्झॅक्ट किती?’ हा प्रश्न त्यानंतर हमखास येतो.