पुतण्याला लिहिलेलं पत्र

आमचं कळमेश्वरचं घर तसं लहानच. पुढच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, मागची आमच्यासाठी बंद. मी पुण्यात, त्यामुळे भाडं गोळा करायचं काम पुतण्याकडे. आतापर्यंत सगळं तोंडी चालायचं. "तूच बघ रे बाबा" एवढंच माझं अधिकारपत्र!

गेल्या वर्षी भाडं अचानक यायचं थांबलं. फोन केला तेव्हा कळलं, की भाडेकरूने न्हाणीघरावर स्वतःच्या १२,००० रुपयांनी पत्रे टाकले आणि पुतण्याने ते चार महिन्यांच्या भाड्यात वळते करायचं कबूल केलं. मला न विचारता! मी चिडलो. पण ओळखीच्या वकिलांनी शांतपणे समजावलं. मालकाच्या वागण्यावरून समोरच्याला माणसाकडे अधिकार आहे असं वाटलं, तर मालक बांधला जातो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३७ हेच सांगतं. भाडेकरूने मनातली मर्यादा कशी ओळखायची? मी ते चार महिने सोडून दिले.

मग बसून एक पानभर पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा:

"भाडं घ्यावं, पावती द्यावी, पाच तारखेपर्यंत माझ्या खात्यात भरावं. एका कामाला २,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती माझ्या परवानगीशिवाय करावी, बिल ठेवावं. त्यावर खर्च असेल तर आधी माझी लेखी संमती घ्यावी. कवेलू उडाले, भिंत खचली, असं काही तातडीचं असेल तर नुकसान थांबेल एवढंच करावं आणि त्याच दिवशी कळवावं. भाडं कमी करणं, अनामत घेणं किंवा परत देणं, नवा भाडेकरू ठेवणं, करारावर सही करणं, हे अधिकार देत नाही. मुदत ३१ मार्चपर्यंत. त्याआधीही मी लेखी कळवून हे पत्र रद्द करू शकेन."

करारावर सही मुद्दाम वगळली. माझ्या वतीने करार करून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा तर रीतसर मुखत्यारपत्र लागतं, साधं पत्र तिथे पुरत नाही.

एक प्रत भाडेकरूंना दिली आणि त्यांची सही घेतली. खरं काम त्या सहीचं आहे. मर्यादा घरातल्या घरात लिहून ठेवली तर बाहेरच्याला ती लागू होत नाही. उद्या पत्र रद्द केलं तरी त्यांना कळवावंच लागेल. तोवर त्यांनी पुतण्याला दिलेलं भाडं मला पोचलं असंच धरलं जाईल.

पत्र पाठवताना हात अडखळला. वहिनींना काय वाटेल, म्हणतील, "घरच्यावर विश्वास नाही." आठवड्याने पुतण्याचाच फोन आला. "मोठेबाबा, बरं झालं. भाडेकरू रंगाचं म्हणत होता. मी पत्र दाखवलं. आधी मला नाही म्हणता येत नव्हतं ना..."

न्हाणीघराचे पत्रेही त्याला असेच नाकारता आले नव्हते. आणि मी वर्षभर त्याच्यावर चिडून होतो.