‘घसरून पडला’ असं लिहायचं नाही

डेक लॉगमध्ये खोडरबर चालत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला सही, आणि खोडलेलं वाचता आलं पाहिजे. नवीन पनवेलच्या घरी वाणसामानाचा हिशेबही मी असाच खोडतो, बायको हसते.

थर्ड ऑफिसर असतानाची गोष्ट. सकाळचा आठ ते बारा वॉच माझा. कांडल्याहून दक्षिण आफ्रिकेकडे निघालो होतो, ऐन पावसाळ्यात. वारा ब्युफोर्ट ७, म्हणजे २८ ते ३३ नॉट. शिडीची दोरखंडं सैल झाली होती. कॅप्टनच्या परवानगीने बोसन आणि एक खलाशी ती आवळायला डेकवर गेले. जहाजाचं नाक लाटांकडे होतं, त्यामुळे फक्त वरखाली होत होतं. तेवढं अंगवळणी पडलेलं असतं.

९.४७ ला वॉकीटॉकीवर बोसन ओरडला. खलाशी हॅचच्या कोपऱ्यावर आदळला होता.

जखमीची व्यवस्था लागल्यावर मी लॉग उघडला आणि लिहिलं, ‘खलाशी पाय घसरून पडला.’ चीफ मेटने विचारलं, “तू पाहिलंस?” नव्हतं पाहिलं. रेघ मारली. खाली लिहिलं, ‘९.४७ : खलाशी पडल्याचं बोसनने कळवलं.’ ‘हात मोडला’ हेही खोडलं. डावा हात सुजलाय, बोटं हलत नाहीत, एवढंच दिसत होतं. रेडिओवरच्या डॉक्टरलाही तेच हवं असतं. निदान त्याचं तो करतो. हाड मोडल्याचं पुढच्या बंदरात एक्स-रेने सांगितलं.

मग व्हॉयेज डेटा रेकॉर्डरचं सेव्हचं बटण दाबलं. ब्रिजवरचे आवाज आणि रडार त्यात राहतात, पण त्या काळच्या यंत्रांत जेमतेम बारा तास. नंतर जुन्यावर नवं चढतं. अपघाताच्या गडबडीत नेमकं हेच बटण राहून जातं.

रिपोर्टच्या कच्च्या मसुद्यात कारण होतं ‘खलाशाचा निष्काळजीपणा’. पण वेळा जुळवताना बोसनचं घड्याळ जीपीएसच्या वेळेपेक्षा सहा मिनिटं पुढे निघालं. त्याच्या जबानीत ‘९.५१ ला जहाज एकदम लोळायला लागलं’ असं होतं, म्हणजे खरे ९.४५. आणि लॉगमध्ये माझ्याच अक्षरात होतं : ‘९.४४ : उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजासाठी कोर्स २१५ वरून २७५.’

साठ अंशांचं वळण. नियमाने बरोबरच, उजवीकडच्या जहाजाला वाट द्यावीच लागते. पण नाकावरच्या लाटा डाव्या अंगावर आल्या आणि डेकवरची दोन माणसं शिडीवर वाकलेली होती. वळण्याआधी वॉकीटॉकीवर एक वाक्य बोलायचं होतं. रेकॉर्डरमध्ये हेल्म्समनला दिलेला माझा हुकूम स्पष्ट ऐकू येत होता. डेकसाठी काहीच नव्हतं.

चीफ मेटने कारणाचा रकाना कोरा करून कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिलं, ‘कोर्स बदलत असल्याचं ब्रिजवरून डेकला कळवलं नव्हतं. वॉचवर थर्ड ऑफिसर.’ खाली सही केली.