रिलीव्हर कोण?

दीपनगरच्या कॉलनीत वाढलेल्या पोरांना घड्याळ कळायच्या आधी शिफ्ट कळते. बाबा फर्स्टला आहेत की नाईटला, यावर आमच्या घरात टीव्हीचा आवाज ठरायचा. वीजकेंद्रात एक साधा नियम होता: पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. त्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. तो उशिरा आला तर बाबा उशिरा घरी यायचे, पण त्या जादा वेळाची कुठेतरी नोंद व्हायची. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि हा शब्द विसरून गेलो.

जानेवारी २०२४ मध्ये माझ्या मावसभावाचा फोन आला. तो फेकरीला राहतो आणि बी.कॉम. करून दीड वर्ष भुसावळच्या एका कपड्यांच्या चेन स्टोअरमध्ये फ्लोअरवर होता. "दादा, सुपरवायझर करताय भो मला. पण धुळ्याला." हातात १२,६०० येत होते, ते १५,२०० होणार होते. मी क्षणभरही विचार न करता घे म्हणालो. सीव्हीवर सुपरवायझर लागलं की पुढचे दरवाजे उघडतात, वगैरे. माझ्या क्षेत्रात तसंच असतं म्हणून त्याच्याही क्षेत्रात तसंच असेल, असं मी गृहीत धरलं होतं. मावशीने पेढे वाटले.

त्याआधी एकदा त्याने मला इन्सेन्टिव्हचं कोडं घातलं होतं. तेव्हा मी ते नीट ऐकलं असतं तर दुकानाचं गणित तिथेच कळलं असतं.

त्याच्या दुकानात प्रत्येक बिलावर स्टाफ कोड पडायचा आणि महिन्याच्या शेवटी त्या कोडवरची विक्री मोजली जायची. टार्गेट पूर्ण झालं तर विक्रीच्या अर्धा टक्का रक्कम, नाही झालं तर शून्य. टार्गेट ठरवायची रीत अशी: मागच्या वर्षी त्याच महिन्यात त्या सेक्शनला जी विक्री झाली, त्यावर दहा टक्के वाढ.

आता दिवाळी बघा. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण पुढे सरकले आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेलं. ऑक्टोबर २०२२ ला त्याच्या सेक्शनने दिवाळीच्या जोरावर ५,२०,००० ची विक्री केली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ चं टार्गेट आलं ५,७२,०००. दसरा होता, भुसावळमध्ये रेल्वेच्या बोनसचा पैसा होता, तरी विक्री झाली ३,९०,०००. म्हणजे ६८ टक्के. इन्सेन्टिव्ह शून्य.

नोव्हेंबरमध्ये उलटं झालं. मागचा नोव्हेंबर दिवाळीनंतरचा थंड महिना होता, त्यामुळे टार्गेट फक्त २,६४,००० होतं आणि विक्री झाली ५,६०,०००. पोरं खूश. पण नियमांत एक ओळ होती: टार्गेटच्या १२० टक्क्यांपर्यंतच्याच विक्रीवर इन्सेन्टिव्ह मिळेल. म्हणजे ३,१६,८०० वर अर्धा टक्का, १,५८४ रुपये. दोन्ही महिने एकत्र धरले असते तर टार्गेट ८,३६,०००, विक्री ९,५०,००० आणि इन्सेन्टिव्ह ४,७५०. फरक तीन हजारांच्या वर.

यात कुणी मुद्दाम फसवलं होतं असं मला वाटत नाही. कुठल्यातरी हेड ऑफिसात एका शीटमध्ये इंग्रजी महिन्यासमोर इंग्रजी महिना लावलेला होता, इतकंच. आमच्याकडे याला बग म्हणतात आणि तो एका दुपारी दुरुस्त होतो. सणासमोर सण लावून तुलना करायची. पण त्या दुरुस्तीचा निर्णय घेणाऱ्याचा पगार त्या शीटवर अवलंबून नव्हता. म्हणून फ्लोअरवरची नोकरी घेताना "इन्सेन्टिव्ह किती टक्के?" एवढं विचारून काही कळत नाही. टार्गेट कशावरून ठरतं, किती टक्के झाल्यावर मोजायला सुरुवात होते आणि कुठे थांबते, हे विचारावं लागतं. त्याहून सोपं म्हणजे जुन्या स्टाफला मागच्या सहा महिन्यांत किती महिने पैसे पडले ते विचारायचं. माझ्या भावाला दीड वर्षात सरासरी महिना ९०० रुपये पडले होते. इंटरव्ह्यूत सांगितलं होतं, "दोन-तीन हजार सहज."

तर तो धुळ्याला गेला. जूनमध्ये कॉलनीत भेटला तेव्हा वजन उतरलेलं होतं, डोळे आत गेले होते. बाबांनी विचारलं, "ड्यूटी किती वाजता सुटते?" तो म्हणाला, "ठरलेलं नाही काका." बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग तुझा रिलीव्हर कोण?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मला कळला आणि मी गप्प बसलो.

त्या रात्री मला एक गोष्ट सुचली. हा पोरगा आईला रोज व्हॉट्सॲप करतो: दुकानात पोचलो की "पोचलो", सुटलो की "निघालो". दुकानातल्या हजेरीच्या मशीनवर सुपरवायझरला जाताना पंच करायची गरज नव्हती, पण मावशीच्या फोनमध्ये सगळी नोंद होती. आम्ही तिच्या परवानगीने चॅट एक्सपोर्ट केला.

```
14/03/24, 9:48 am - भाऊ: पोचलो
14/03/24, 9:37 pm - भाऊ: निघालो
```

पाच महिन्यांची सरासरी निघाली दिवसाला साडेअकरा तास. भुसावळला फ्लोअरवर असताना हीच सरासरी नऊ तास होती, त्यात एक तास जेवणाचा. नऊ तासांची शिफ्ट उगाच नसते. तासाभराची सुट्टी वजा केली की आठ तास, आणि आठ गुणिले सहा म्हणजे ४८. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच होती, दिवसाची नऊ तासांची, आणि सुट्टी धरून दुकानात अडकून राहण्याची साडेदहा तासांची. वरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. (सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. मी सांगतोय ते त्याआधीचं.)

मग हिशोब केला. फ्लोअरवर पगार आणि सरासरी इन्सेन्टिव्ह मिळून १३,५००, महिन्याचे २६ दिवस, २३४ तास. तासाला जवळपास ५८ रुपये. सुपरवायझरचा इन्सेन्टिव्ह वैयक्तिक नव्हता. अख्ख्या दुकानाने ९५ टक्के गाठले तरच मिळायचा आणि पाच महिन्यांत तो एकदाच, लग्नसराईत, २,००० मिळाला होता. म्हणजे महिन्याला सरासरी १५,६०० आणि २९९ तास. तासाला ५२ रुपये. वर खोलीतला वाटा आणि मेस मिळून ५,२०० जात होते. फेकरीहून भुसावळच्या रिक्षाला महिन्याचे हजारएक लागायचे. ज्या बढतीचे पेढे आम्ही खाल्ले तिच्यात तो तासाला सहा रुपयांनी खाली आला होता आणि महिन्याअखेरी हातात दोन हजार कमी उरत होते.

"ओव्हरटाइम माग," मी म्हणालो. त्याने आधीच विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं: सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो.

मी कायदा उघडला तर हे साफ खोटं नव्हतं. व्यवस्थापकीय, गोपनीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरच्या लोकांना तो कायदा लागू होत नाही, मात्र अशा लोकांची यादी आस्थापनेने प्रदर्शित करायची असते. भावाने तशी यादी कधी पाहिली नव्हती. शिवाय कामगार कायद्यांच्या वादांत न्यायालयं हुद्द्याच्या नावापेक्षा माणूस मुख्यतः काय काम करतो ते बघत आली आहेत. दिवसभर घड्या घालणारा आणि ट्रायल रूमबाहेर उभा राहणारा माणूस कोटावर बिल्ला लावला म्हणून पर्यवेक्षक होत नाही. पण हा वाद घालायला वकील लागतो, वेळ लागतो आणि पंधरा हजारांची नोकरी पणाला लावावी लागते. माझ्या मोबाईलवर कलम वाचणं सोपं होतं.

त्याने माझं कलम बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "दादा, तक्रार नाही करायची मला. मी तिथे शिकतोय." हे मला अपेक्षित नव्हतं. मग त्याने काय शिकतोय ते सांगितलं: माल उतरवून घेताना चलनाशी नग जुळवणं, कोणती साईज किती मागवायची ते ठरवणं, वीस जणांचा ड्यूटी रोस्टर लावणं, रात्री कॅश बंद करणं, स्टॉक मोजणीत तूट आली तर ती चोरीची की चुकीच्या एन्ट्रीची हे शोधणं. ही कामं वर्षभर केलेल्या माणसाला दुसरी कंपनी घेते. आहे त्याच कंपनीत पगार एकदम वाढत नाही, कारण वरची खुर्ची कुणी सोडल्याशिवाय रिकामी होत नाही आणि त्या दुकानात मॅनेजर एकच होता. म्हणजे माझा सल्ला अगदीच फुकट गेला नव्हता. फक्त दरवाजे उघडतात असं म्हणताना मी किंमत विचारली नव्हती.

मग साडेअकरा तास का लागतात, हे आम्ही शोधायला बसलो. दुकानात सुपरवायझर दोन होते. दोघेही सकाळी दहाच्या आत यायचे आणि दोघेही शटर पडेपर्यंत थांबायचे. कारण दुपारच्या कॅशची आणि स्टोअररूमच्या किल्लीची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली याची कुठेच नोंद नव्हती. रात्री दोनशे रुपये कमी आले आणि एक जण आधी गेलेला असेल, तर दोष त्याच्यावर. त्या भीतीने दोघेही अडकलेले.

बाबा ऐकत होते. त्यांनी माझ्या जुन्या वहीचं एक पान फाडलं आणि उभ्या रेघा मारल्या: वेळ, किल्ली, कॅश, अर्धवट कामं, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. कंट्रोल रूमच्या लॉगबुकात असतं तसं. "चार्ज द्यायचा आणि घ्यायचा," ते म्हणाले. "चार्ज दिला की तू मोकळा."

भावाने दुसऱ्या सुपरवायझरला पटवलं, मग दोघांनी मिळून मॅनेजरला. एक जण दहा ते सात, दुसरा साडेबारा ते साडेनऊ, आठवड्याने अदलाबदल. मॅनेजर तयार झाला कारण त्याला एक पैसाही जादा द्यायचा नव्हता. शनिवार-रविवारी आणि सेलमध्ये हे मोडायचंच, तरी ऑगस्टची सरासरी पावणेदहा तासांवर आली. तेवढ्याच पगारात तासाचा दर ६१ रुपयांच्या पुढे गेला. २०२४ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत आली. त्या तीन आठवड्यांत रजिस्टर कोणी उघडलंही नाही आणि "निघालो" अकराच्या पुढे येत होतं.

वर्ष भरल्यावर तो जळगावच्या एका दुकानात लागला, सुपरवायझर म्हणूनच, १८,५०० वर. रोज भुसावळहून गाडीने जातो. इंटरव्ह्यूत त्याने पहिला प्रश्न विचारला तो क्लोजिंग आठवड्यातून किती दिवस, हा.

रजिस्टर सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला एक स्क्रीनशॉट त्याने मला पाठवला होता. संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी त्याचा "निघालो". खाली मावशीचं उत्तर: "इतक्या लवकर? तब्येत बरी आहे ना रे?"