विलीनीकरणाचं पत्र

17 सप्टेंबर 2018, सोमवार. बँक ऑफ बडोदा, विजया बँक आणि देना बँक एकत्र करण्याचा सरकारचा प्रस्ताव दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत जाहीर झाला. तिन्ही बँकांच्या संचालक मंडळांनी त्यावर विचार केला तो नंतर. म्हणजे शाखेत काउंटरवर बसलेल्या माणसाला आपली बँक राहणार नाही ही खबर ग्राहकासोबतच, कदाचित त्याच्याकडूनच मिळाली असेल.

लोकांना याचा राग येतो आणि तो योग्यच आहे. पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत अशी बातमी आधी कर्मचाऱ्यांच्या कानावर घालणं जवळपास अशक्य असतं. ज्याला आधी कळलं तो शेअर घेईल किंवा विकेल, म्हणून बातमी पहिल्यांदा शेअर बाजाराला द्यावी लागते. मनुष्यबळ विभागाच्या हातात उरतं ते एवढंच की पत्र तयार ठेवायचं आणि बातमी फुटल्यावर त्याच तासात पाठवायचं. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर तुमची जागा व्हॉट्सॲपने घेतलेली असते.

मी एका मध्यम कंपनीत असं पत्र लिहिणाऱ्या तिघांपैकी एक होतो. पहिला मसुदा वरून आला होता. त्यात ‘समन्वय’, ‘नवी क्षितिजं’ वगैरे दीड पान होतं. आमच्या गोदामातल्या युसूफचाचांना तो वाचायला दिला. वाचून ते म्हणाले, “बेटा, हे सगळं ठीक आहे. पण आपण विकले गेलो की विकत घेतलं?” दीड पानात तेवढंच नव्हतं. मग पहिलं वाक्य बदललं : आपली कंपनी मोठ्या कंपनीत विलीन होत आहे, आपलं नाव जाईल, कारण एकट्याने नवी यंत्रं घेण्याइतकं भांडवल आपल्याकडे नाही.

कारण सांगताना अब्रू झाकायचा मोह होतो. देना बँकेच्या बाबतीत ते झाकण्यासारखं नव्हतंच. थकीत कर्जांमुळे रिझर्व्ह बँकेने तिच्यावर आधीच निर्बंध घातले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे फक्त ‘देशातली तिसरी मोठी बँक होणार’ एवढंच सांगितलं तर ऐकणारा मनात पुढचं वाक्य स्वतःच पुरं करतो.

तारखांचंही तसंच. या बँकांचं विलीनीकरण 1 एप्रिल 2019 ला अमलात आलं, पण जुन्या शाखांची खाती बडोदाच्या यंत्रणेत आणण्याचं काम 2020 च्या अखेरपर्यंत चाललं. तिन्हींचं संगणकीय सॉफ्टवेअर एकाच जातीचं असूनही! पत्रात एकच तारीख दिली की लोक समजतात, त्या दिवशी सगळं पार पडेल. म्हणून आम्ही दोन दिल्या : कागदोपत्री मालक बदलण्याची, आणि पगारपत्रक नव्या यंत्रणेत जाण्याची. दुसरीपुढे ‘अंदाजे’ लिहिलं.

सगळ्यात कठीण परिच्छेद नोकरीचा. 2 जानेवारी 2019 ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा सरकारने स्पष्ट सांगितलं होतं की सेवाशर्तींवर परिणाम होणार नाही आणि नोकरकपात होणार नाही. त्याच्या आठवडाभर आधी, 26 डिसेंबरला, बँक कर्मचाऱ्यांनी संप केला होता. पण हे आश्वासन नोकरीचं होतं, टेबलाचं नव्हे. एकाच रस्त्यावर दोन शाखा असतील तर एक बंद होणार, आणि तिथला माणूस कुठेतरी हलणार. ‘कुणाचीही नोकरी जाणार नाही’ या वाक्यात बदली मावत नाही, आणि घरात म्हातारे आईवडील असलेल्याला तीच बातमी हवी असते.

खासगी कंपनीला तर ‘कधीच नाही’ असं लिहिताच येत नाही. आम्ही लिहिलं की मालक बदलण्याच्या तारखेपर्यंत विलीनीकरणामुळे कुणालाही कमी केलं जाणार नाही, आणि हिशेब व खरेदी विभागांत दोन्हीकडे तेच काम होत असल्याने तिथली फेररचना त्यानंतर ठरेल. त्या दोन विभागांची नावं लिहू नयेत असा वरून आग्रह होता. पण ती नावं नसती तर साऱ्या कंपनीची झोप उडाली असती.

सेवेचं सातत्य मात्र ठामपणे लिहिता आलं. नोकरीत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत आणि पुढे कमी केलं तर भरपाईसाठी जुनी वर्षं नवा मालक धरणार, असं असेल तरच कामगाराला मालकबदलाची नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे तीन वर्षं झालेल्या एका मुलीने विचारलं, “ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा शून्यापासून का?” तेव्हा उत्तर सरळ होतं. तिथे दोन वर्षं पूर्ण कर, पाच होतील.

शेवटी, विचारायचं कुणाला? नुसता ईमेलचा पत्ता दिला की तो विहिरीसारखा होतो, त्यात टाकलेलं वर येत नाही. आम्ही प्रत्येक पाळीत एका माणसाचं नाव दिलं आणि कॅन्टीनबाहेर प्रश्नांची वही ठेवली. उत्तर दोन दिवसांत त्याच पानावर लिहायचं. ठरलेलं नसेल तर ‘ठरलं नाही, अमुक तारखेला ठरेल’ असं. पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न पगाराचा नव्हता. कंपनीची बस चालू राहणार का, हा होता.