ज्वारीच्या मुळाशी चालणारी देवघेव

आठवीला सूक्ष्मजीवांचा धडा शिकवत होतो. "बुरशीचा काही उपयोग असतो का?" असं विचारल्यावर एक मुलगा चटकन म्हणाला, "नाही सर, बुरशी म्हणजे रोग. द्राक्षाला डावणी पडली की पप्पा रात्रीसुद्धा फवारणी करतात." कवठे महांकाळच्या वर्गात दुसरं उत्तर येणार तरी कसं? मी ठरवलं, याला ज्वारीचं मूळ दाखवायचं.

शाळूच्या मुळात एक बुरशी राहते, मायकोरायझा. तिला स्वतःचं अन्न बनवता येत नाही. ते तिला ज्वारी देते, पानात तयार झालेली साखर आणि थोडे स्निग्ध पदार्थही. बदल्यात बुरशी स्फुरद आणून देते. स्फुरद आणावं लागतं, कारण ते मातीत जवळजवळ जागचं हलत नाही. नत्र पाण्याबरोबर मुळाशी येतं, स्फुरद मात्र आपल्या चुनखडीच्या रानात चुन्याला धरून बसतं. मूळ आपल्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करतं आणि पुढे त्याचा हात पोचत नाही. बुरशीचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि काही सेंटिमीटर लांबवर जातात. मुळाच्या पेशीत शिरून ती झुडपासारख्या फांद्या पसरते, तिथेच ही देवघेव होते. ते झुडूप काही दिवसांत विरतं, मग दुसरं तयार होतं.

हे साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण शाळेत दाखवता येतं. शाई आणि व्हिनेगरची एक पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. दीड महिन्याच्या ज्वारीची बारीक मुळं खुरप्यानं मातीसकट काढायची, उपटायची नाहीत; उपटली की नेमकी कोवळी मुळं जमिनीत राहतात. धुऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत उकळायची. हे काम शिक्षकानंच चष्मा आणि हातमोजे घालून करावं, मुलांच्या हाती देऊ नये. मग मुळं पाण्यानं चांगली धुवायची आणि ९५ मिली व्हिनेगरमध्ये ५ मिली काळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळायची. शेवटी पाण्यात व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकून वीस मिनिटं ठेवली की जादा रंग निघून जातो.

आम्ही मुळं दोन ठिकाणची घेतली. एक त्या मुलाच्याच रानातली, जिथे दरवर्षी दोनदा रोटर फिरतो आणि पेरताना डीएपी पडतो. दुसरी शेजारच्या जिरायत पट्टीतली, जिथे नुसता कुळव चालतो आणि शेणखत पडतं. दुसरीच्या बहुतेक तुकड्यांत निळसर-काळे तंतू आणि गोल पिशव्या दिसल्या. पहिलीत शोधावं लागलं. मुलं लगेच "डीएपीमुळे!" म्हणाली. मी थांबवलं. दोन्ही रानांत पाणी वेगळं, वाण वेगळा, त्यामुळे दोष एकट्या डीएपीवर टाकता येणार नाही.

पण दोन कारणं बाहेरच्या प्रयोगांतून नीट कळलेली आहेत. पहिलं, डीएपी बुरशीला मारतो असं नाही. झाडच तिला बोलवायचं थांबतं. स्फुरदाची टंचाई असली की मुळं स्ट्रायगोलॅक्टोन नावाचा पदार्थ मातीत सोडतात. तो बुरशीला लागला की तिच्या फांद्या फुटतात. (गंमत म्हणजे ज्वारीवरचा टारफुला हीच हाक ऐकून उगवतो.) पोतं आलं, टंचाई संपली, हाक कमी झाली. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २३ किलो, तेही बियाजवळच पडतं.

दुसरं कारण रोटर. मागच्या पिकाचं जाळं मातीत जोडलेलं असलं, तर नवं रोप पहिल्याच आठवड्यांत त्याला जोडलं जातं. जाळं चिरलं की बीजाणूंपासून पुन्हा सुरुवात, आणि ज्वारीला स्फुरदाची निकड नेमकी लहानपणी असते. आपल्याकडे शाळूसाठी रान पावसाळाभर पडीक ठेवून कुळवत राहायची रीत आहे. त्यातही बुरशी जिवंत मुळाविना उपाशी राहते, तेव्हा जुनं ते सगळं चांगलं, असंही नाही.

पालकसभेला मुलाचे वडील आले, त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघितलं. "सर, मी मायकोरायझाची पावडर आणली हुती की! डीएपीत मिसळूनच पेरली." म्हणजे पाहुण्याला बोलावून दाराला कडी घातली. "मग डीएपी बंदच करू का?" मी नाही म्हटलं. माती तपासून स्फुरद कमी आलं, तर नुसत्या बुरशीच्या भरवशावर राहू नका, ती नसलेलं स्फुरद तयार करत नाही. भरपूर आलं, तर मात्र कमी करून बघायला हरकत नाही. उलट अशा रानात कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे येतात का तेही बघा. स्फुरद जादा झालं की जस्त कमी पडतं, आणि जस्त आणायलाही ही बुरशी मदत करते.

माती तपासायला दिली आहे. अहवालात स्फुरद पुरेसं आलं, तर येत्या शाळूला एकाच तुकड्यात, एकच वाण, चार ओळी डीएपीविना आणि चार डीएपीसह पेरायचं त्यांनी कबूल केलंय. मुलानं त्यासाठी शाईची बाटली आत्ताच आणून ठेवली आहे.