कचरेकर, मेलोबा आणि बोका

न्यू जर्सीत रात्री कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं की समजावं, रकून आला. डोळ्यांवर काळी पट्टी, आणि पुढचे पंजे असे की झाकण माणसासारखं उघडतो. आमची साडेचार वर्षांची लेक रोज झोपताना त्याचीच गोष्ट मागते. पण मराठीत काऊ-चिऊ-माऊ तयार असतात, तसं रकूनला रोजच्या बोलण्यातलं नावच नाही. मी त्याला 'कचरेकर' केलं.

अशी नावं ठेवताना माझी एकच अट असते: नाव तिच्या ओळखीच्या शब्दातून निघालं पाहिजे. नवऱ्याने स्कंकचं नाव 'सुगंधा' ठेवलं आणि स्वतःच खूप हसला. लेक हसली नाही, कारण सुगंध हा शब्दच तिच्याकडे नव्हता. स्कंक दोन दिवसांत 'घाणूताई' झाली. घाबरला की मेल्याचं सोंग घेऊन पडणारा ऑपॉसम मात्र पहिल्याच रात्री 'मेलोबा' म्हणून पसंत पडला. (सांगलीच्या आजीला हे नाव अजिबात आवडलेलं नाही.) आणि एकदा ठेवलेलं नाव बदलायचं नाही. शनिवारी बाबाने चुकून 'मेलूराव' म्हटलं, तर गोष्ट तिथेच थांबवून त्याला पहिल्यापासून सांगायला लावली.

शेजारच्या बोक्याला मात्र मी मुद्दाम राव, पंत, बा काही लावलं नाही. मी सहा वर्षं मराठी शिकवलं आहे, ती खोड जात नाही. कचरेकर, मेलोबा, ताई यांना प्रत्यय लागला तरी नाव जसंच्या तसं राहतं: कचरेकरने, मेलोबाला, ताईचा. इथल्या मुलांचं मराठी अडतं ते सामान्यरूपावर, आणि अशा नावांत ते ऐकूच येत नाही. बोका मात्र बोक्याने, बोक्याला, बोक्याचा असा बदलतो. लेक सुरुवातीला 'बोकाने दूध प्यायलं' म्हणायची. मी दुरुस्त करत नसे. पुढच्या वाक्यात 'हो, बोक्यानेच!' म्हणून गोष्ट पुढे न्यायची. झोपेच्या वेळी व्याकरण काढलं तर मूल इंग्रजीत निघून जातं. दोनेक महिन्यांनी एका रात्री तिनेच मला ऐकवलं, 'आई, मेलोबाने नाही, बोक्याने खाल्लं.' त्याच आठवड्यात 'घोडाला'चं 'घोड्याला' झालं. घोडा आमच्या गोष्टीत कधीच नव्हता.

मग तिने स्वतः नावं पाडायला घेतली. अंगणातली ट्यूलिप खाणारं हरीण 'ट्यूलिपकर', गराजमधला उंदीर 'गराजकर'. आमच्याही आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, हे तिच्या परवा लक्षात आलं.

'आई, आपण कशाचे कर?'

मी कोकणातल्या त्या गावाचं नाव सांगितलं. मी किंवा तिच्या बाबाने ते गाव पाहिलेलं नाही.

तिने थोडा विचार केला. 'तिथे आपला डबा आहे का?'